महाराष्ट्राचं सिम, खानापूरचं घर: पोर्ट नेमकं कुठे अडतं?

प्रश्न: दादा, माझं माहेर गडहिंग्लजकडचं. नंबर तिथलाच, प्रीपेड, माझ्याच नावावर. लग्नानंतर खानापूर तालुक्यात आले. इथे घरात या कंपनीची रेंज नाही म्हणून दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचं ठरवलं. सिम खराब झालं होतं ते बदलून घेतलं आणि तीन दिवसांनी १९०० ला मेसेज केला, तर कोड देता येणार नाही असं उत्तर आलं. काही आठवड्यांनी पुन्हा मेसेज केला तेव्हा गुरुवारी कोड मिळाला, त्यात सोमवारची तारीख होती. शनिवारी संध्याकाळी बेळगावात दुकानात आधार दाखवून अंगठा, फोटो दिला. पुढच्या आठवड्यात कळलं की रिक्वेस्ट रिजेक्ट झाली. आधारवर अजून माहेरचाच पत्ता आहे. दुकानदार म्हणतो, महाराष्ट्राचं सिम कर्नाटकात पोर्ट होतच नाही. खरं आहे का?

उत्तर:

ताई, ते खरं नाही. मोबाईल सेवेसाठी देशाचे जे विभाग पाडलेत त्यांना सर्कल म्हणतात, आणि ३ जुलै २०१५ पासून देशातल्या कुठल्याही सर्कलचा नंबर कुठल्याही सर्कलमध्ये नेता येतो. २० जानेवारी २०११ ला ही सोय देशभर सुरू झाली तेव्हा मात्र ती सर्कलच्या आतच होती. म्हणजे कर्नाटकातला नंबर कर्नाटकातल्याच दुसऱ्या कंपनीत जायचा. त्या काळात काम शिकलेले बरेच दुकानदार अजून तेच सांगतात. बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की लोक प्रयत्नच सोडून देतात आणि नवा नंबर घेतात. मग बँक, गॅस, आधार, शाळेचा ग्रुप, सगळीकडे नंबर बदलत बसायचं. तुम्ही तसं करू नका. तुमचा नंबर नक्की पोर्ट होईल.

तुमचा नंबर दोनदा अडला, पण दोन वेगळ्या ठिकाणी आणि दोन वेगळ्या कारणांनी. पहिल्यांदा कोड मिळतानाच अडला, दुसऱ्यांदा कोड मिळाल्यावर पुढच्या कामात अडला. हे दोन टप्पे वेगळे धरले की कारण आपोआप सापडतं. मी बेळगावात मोबाईलच्या दुकानात हीच कामं करतो, आणि ‘पोर्ट होईना’ म्हणून कोणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोड आला होता का?

आधी हे काम चालतं कसं ते सांगतो. जुनी कंपनी आणि नवी कंपनी यांच्या मध्ये एक तिसरी संस्था असते. तिचं काम एवढंच, की कुठला नंबर आता कुठल्या कंपनीकडे आहे याची नोंद ठेवायची आणि पोर्टची देवाणघेवाण करून द्यायची. देशाचे यासाठी दोन झोन केलेत. महाराष्ट्र एका झोनमध्ये आणि कर्नाटक दुसऱ्या. तुम्ही १९०० ला मेसेज टाकला की तो या मधल्या संस्थेकडे जातो. ती जुन्या कंपनीला विचारते की हा नंबर सोडायला काही अडचण आहे का. सगळं ठीक असेल तरच आठ अक्षर-अंकांचा कोड तयार होऊन तुमच्या फोनवर येतो. त्यालाच यूपीसी म्हणतात. ही पद्धत १६ डिसेंबर २०१९ पासूनची. त्याआधी कोड जुनी कंपनीच द्यायची, सगळ्यांना द्यायची, आणि नंतर काहीतरी कारण काढून रिक्वेस्ट फेटाळायची. आता तपासणी आधी होते आणि कोड नंतर मिळतो. म्हणून कोड हातात आला, याचा अर्थ जुन्या कंपनीकडची बाजू बहुतेक मोकळी झाली.

आता तुमचा पहिला नकार. त्याचं कारण तुम्हीच लिहिलंय, फक्त ते कारण आहे हे तुमच्या लक्षात आलं नाही. तुम्ही सिम बदलून घेतलं आणि तीन दिवसांनी कोड मागितला. १ जुलै २०२४ पासून नियम असा आहे की सिम हरवलं किंवा बिघडलं म्हणून बदलून घेतलं, तर त्यानंतर सात दिवस कोड देत नाहीत. यामागे मोठं कारण आहे. दुसऱ्याच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढायचं, लगेच तो नंबर दुसऱ्या कंपनीत पळवायचा आणि बँकेचे ओटीपी आपल्याकडे वळवायचे, असे फसवणुकीचे प्रकार होत होते. सात दिवसांत खऱ्या मालकाला निदान कळतं की आपलं सिम बंद पडलंय. सिम बदलल्यावर पहिले चोवीस तास तर त्या नंबरवर मेसेज येणं-जाणंसुद्धा बंद ठेवतात, तेही याचसाठी. तेव्हा तो नकार तुमच्या भल्याचाच होता, आणि सात दिवस उलटल्यावर तो आपोआप संपला. दुसऱ्यांदा कोड मिळाला हाच त्याचा पुरावा.

याच टप्प्यावर नकार यायची आणखी दोन-तीन कारणं असतात, पण ती तुम्हाला लागू नाहीत. नंबर सुरू होऊन किंवा मागच्या वेळी पोर्ट होऊन नव्वद दिवस झालेले नसतील तर कोड मिळत नाही. पोस्टपेडचं निघालेलं बिल थकलं असेल तर मिळत नाही. नंबर दुसऱ्याच्या नावावर करायचा अर्ज चालू असेल किंवा नंबरबद्दल कोर्टात वाद असेल तरी मिळत नाही. नकाराचा मेसेज येतो तेव्हा कारणही त्यातच लिहिलेलं असतं. इंग्रजीत असतं म्हणून लोक न वाचता पुसून टाकतात. पुढच्या वेळी तो मेसेज ठेवा, त्याचा फोटो काढून ठेवा. दुकानदाराच्या अंदाजापेक्षा ती एक ओळ जास्त कामाची असते.

दुसरा नकार मात्र जरा नीट बघावा लागेल, कारण आपल्या सीमाभागातल्या बहुतेक पोर्ट रिक्वेस्ट इथेच मरतात.

आपल्याकडे कोडची मुदत चार दिवस असते. तुम्हाला गुरुवारी कोड मिळाला आणि त्यात सोमवारची तारीख होती. म्हणजे सोमवारच्या आत तुमची रिक्वेस्ट नव्या कंपनीकडून मधल्या संस्थेकडे पोचायला हवी होती. तुम्ही दुकानात अर्ज दिला म्हणजे रिक्वेस्ट पोचली, असं नसतं, आणि गडबड नेमकी इथेच होते. दुकानात तुमचा अंगठा, फोटो आणि आधार घेतला की तो अर्ज आधी नव्या कंपनीच्या तपासणीत जातो. माणूस तोच आहे का, फोटो स्पष्ट आहे का, पत्ता कुठला, हे तिथे बघतात. ती तपासणी पास झाल्यावरच पोर्टची रिक्वेस्ट पुढे जाते.

आता तुमचा पत्ता बघा. दुकान बेळगावात, म्हणजे सिम कर्नाटक सर्कलचं. आधार गडहिंग्लजचं, म्हणजे महाराष्ट्राचं. अशा ग्राहकाला कंपनीच्या भाषेत आऊटस्टेशन ग्राहक म्हणतात. त्याला सिम मिळतं, पण अर्जात इथला राहायचा पत्ता आणि इथल्या ओळखीच्या माणसाची माहिती द्यावी लागते. दुकानदाराने गर्दीत तुमचा अर्ज साधा स्थानिक ग्राहक म्हणून भरला असेल, तर तो तपासणीतून परत येतो. शनिवारी संध्याकाळी भरलेला अर्ज रविवार ओलांडून सोमवारी परत आला, दुकानदाराने तो मंगळवारी दुरुस्त करून पाठवला, आणि तोवर तुमचा कोड मेलेला. पुढे गेलेल्या रिक्वेस्टमध्ये मुदत संपलेला कोड होता, म्हणून मधल्या संस्थेने ती फेटाळली. दुकानदाराला त्याच्या अॅपवर फक्त ‘रिजेक्ट’ दिसलं, समोर महाराष्ट्राचा नंबर दिसला, आणि त्याने दोन्हीची गाठ घातली.

मी तुमचा अर्ज पाहिलेला नाही, म्हणून हेच घडलं असं शपथेवर सांगत नाही. पण तारखा इतक्या तंतोतंत जुळतात की पहिला संशय इथेच घ्यावा. दुसरी शक्यता साधी आहे: कोडचं एखादं अक्षर चुकीचं टाईप झालं असेल किंवा आधीची कंपनी आणि आधीचं सर्कल निवडताना दुकानदाराने सवयीने ‘कर्नाटक’ दाबलं असेल. आमच्या भागात हे फार होतं, कारण दिवसभर येणारे बहुतेक नंबर कर्नाटकचेच असतात. दोन्हीतला फरक ओळखायचा तर नव्या कंपनीकडून आलेला नकाराचा मेसेज वाचा. त्यात कोडची मुदत संपल्याचं म्हटलं असेल तर उशीर कारणीभूत. कोड किंवा नंबर जुळत नाही असं असेल तर टायपिंगची चूक. मेसेजच आला नसेल, तर रिक्वेस्ट नव्या कंपनीच्या तपासणीतूनच बाहेर पडली नव्हती आणि जुन्या कंपनीपर्यंत काही गेलंच नव्हतं.

आता तिसऱ्यांदा करताना आधी एक गोष्ट ठरवावी लागेल, आणि ती तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. नवं सिम कुठल्या सर्कलचं घ्यायचं? तुमच्यापुढे दोन्ही वाटा खुल्या आहेत.

एक वाट अशी की माहेरी गेलात की गडहिंग्लजच्या दुकानातच पोर्ट करायचं. बेळगावहून जवळ हवं असेल तर वेंगुर्ला रस्त्यावर शिनोळीला गेलात तरी चालेल. शिनोळी चंदगड तालुक्यात येतं, म्हणजे महाराष्ट्र सर्कलच. तिथे नंबरही महाराष्ट्राचा, आधारही महाराष्ट्राचं आणि सिमही महाराष्ट्राचं. आऊटस्टेशनचा प्रश्नच येत नाही. शिवाय सर्कलच्या आतल्या पोर्टला तीन कामाचे दिवस लागतात, तर सर्कल बदलून करायचं तर पाच. पोर्ट झाल्यावर ते सिम खानापुरात वापरायला काही अडचण नाही. हल्लीच्या बहुतेक प्लॅनमध्ये देशभर रोमिंगचे वेगळे पैसे लागत नाहीत, आणि तुम्ही आत्ताही तसंच वापरताय.

दुसरी वाट म्हणजे बेळगावातच कर्नाटक सर्कलचं सिम घ्यायचं. वेळ जास्त लागतो, अर्ज जपून भरावा लागतो, पण पुढे सोपं जातं. सिम हरवलं तर डुप्लिकेट काढायला त्याच सर्कलच्या दुकानात जा, असं कंपन्या सांगतात, निदान माझा अनुभव तरी तसाच आहे. खानापुरात सिम बंद पडलं आणि त्यासाठी गडहिंग्लजला जावं लागलं, तर ते दोन दिवस बँकेचं काम ठप्प. तुम्ही आता इथल्याच झालात आणि आधारचा पत्ताही आज ना उद्या बदलणार असाल, तर माझ्या मते दुसरी वाट धरा. महिन्यातून एखादी चक्कर माहेरी होतेच आणि सिम आत्ता पटकन हवंय, तर पहिली. ज्यांना दोन्हीकडे सारखंच राहावं लागतं त्यांना मी आधारवर जो पत्ता आहे तेच सर्कल घ्यायला सांगतो, कारण पुढची प्रत्येक तपासणी त्या पत्त्यावरच येऊन थांबते.

याच ओघात एक सांगतो, कारण आपल्याकडची पुष्कळ मुलं गोव्यात कामाला असतात. मोबाईलच्या हिशेबात गोवा महाराष्ट्र सर्कलमध्येच येतो. त्यामुळे मडगावात घेतलेलं सिम कोल्हापुरात पोर्ट केलं तर ते सर्कलच्या आतलं, आणि बेळगावात केलं तर सर्कल बदलून. मुंबईचं सर्कल मात्र महाराष्ट्रापासून वेगळं आहे. ठाण्यात घेतलेला नंबर पुण्यात न्यायचा असेल तरी तो सर्कल बदलणारा पोर्ट धरतात.

सर्कल ठरवण्याआधी आणखी एक काम करा, आणि हे मात्र टाळू नका. ज्या कंपनीत जायचंय तिची रेंज तुमच्या घरात खरंच मिळते का ते बघा. खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबीकडे जंगल आणि डोंगर असल्यामुळे एका गावात जी कंपनी चालते ती पुढच्या वाडीत चालत नाही. शेजारच्या कोणाकडे ते सिम असेल तर तासभर आपल्या फोनमध्ये घालून स्वयंपाकघरात, मागच्या दारी, रात्री झोपता तिथे बघा. कारण एकदा पोर्ट झालं की नव्वद दिवस पुन्हा हलता येत नाही. तीन महिने तसेच काढावे लागतील.

आता प्रत्यक्ष काम. तुम्ही बेळगावात करणार असं धरून सांगतो. कोड घरून मागू नका. सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी दुकानात जा, आणि दुकानदार मोकळा आहे, त्याचं अॅप आणि अंगठ्याचं मशीन चालू आहे याची खात्री झाल्यावर तिथूनच मेसेज टाका. मेसेज असा, मध्ये एक जागा सोडून तुमचा दहा आकडी नंबर:

```
PORT 98XXXXXXXX
```

हा १९०० ला पाठवायचा. तुमच्या रिचार्जमध्ये मेसेजची सोय नसली तरी हा मेसेज जायला हवा. तसा आदेश मोबाईल कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या ट्रायने डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्या कंपन्यांना दिला आहे, कारण स्वस्त रिचार्जवाल्यांचे मेसेज अडकून पोर्टच होत नव्हते. रिचार्जची मुदत संपून आउटगोइंग पूर्ण बंद झालेल्या नंबरवरून मात्र मेसेज जात नाही असंच मी बघत आलोय. तेव्हा मुदत संपायच्या आत हे काम करा. पोर्ट पूर्ण होईपर्यंत जुना नंबर चालू राहिला पाहिजे, म्हणून आठ-दहा दिवसांची मुदत हाताशी ठेवा. फार मोठा रिचार्जही मारू नका. उरलेला बॅलन्स, डेटा किंवा दिवस नव्या कंपनीत येत नाहीत.

सोमवारी सकाळी कोड आला तर त्यात शुक्रवारची तारीख असेल. म्हणजे अर्ज एकदा परत आला तरी दुरुस्त करायला तुमच्या हातात कामाचे दिवस उरतात. हाच या सगळ्यातला मुख्य मुद्दा आहे. गुरुवार-शुक्रवारी कोड मागितला की त्याची मुदत शनिवार-रविवारातच खर्च होते. दिवाळी, गणपती अशा जोडून आलेल्या सुट्ट्यांच्या आधीही कोड मागू नका.

अर्ज भरताना दुकानदाराला तीन गोष्टी तोंडाने सांगा, तो विचारो न विचारो. नंबर महाराष्ट्र सर्कलचा आहे. आधारचा पत्ता महाराष्ट्राचा आहे, म्हणून आऊटस्टेशनचा अर्ज भरा आणि इथला पत्ता घाला. ओळखीसाठी तुमच्या मिस्टरांचं किंवा सासऱ्यांचं नाव आणि नंबर द्या. आणि कोड त्याने टाईप केल्यावर सबमिट करायच्या आधी तुमच्या फोनवरच्या मेसेजशी एकेक अक्षर ताडून बघा. शून्य आणि ओ, एक आणि आय, यांत घोटाळा होतो. जमलं तर मेसेजमधून कॉपी करून त्याला पाठवा. एवढी दोन मिनिटं दिलीत तर पाच दिवस वाचतात.

संध्याकाळी दुकानदाराला एकदा फोन करा आणि अर्ज तपासणीतून पुढे गेला का ते विचारा. तुमच्या जुन्या नंबरवर नव्या कंपनीचा मेसेज येईल की रिक्वेस्ट मिळाली. मंगळवार संध्याकाळपर्यंत तो आला नाही, तर अर्ज कुठेतरी पडलाय असं समजा आणि बुधवारी सकाळी दुकानात जा. शुक्रवार यायची वाट बघू नका.

मधल्या काळात जुन्या कंपनीचे फोन येतील. स्वस्त प्लॅन देतो, पोर्ट रद्द करा म्हणतील. ऑफर खरंच चांगली असेल आणि तुमचा विचार बदलला, तर रिक्वेस्ट दिल्यापासून चोवीस तासांच्या आत १९०० ला हा मेसेज टाकून ती मागे घेता येते:

```
CANCEL 98XXXXXXXX
```

त्यानंतर कोणी फोनवर ‘तुमचं पोर्ट थांबवलंय’ म्हणालं तरी विश्वास ठेवू नका. आणि फोनवर कोणी तो कोड किंवा ओटीपी विचारला तर अजिबात सांगू नका, मग तो स्वतःला कुठल्याही कंपनीचा म्हणवू दे. कोड फक्त समोर बसलेल्या दुकानदाराला.

पोर्ट व्हायच्या आधी तारीख आणि वेळ सांगणारा मेसेज येतो. सोमवारी दिलेली रिक्वेस्ट सगळं ठीक असेल तर पुढच्या सोमवार-मंगळवारपर्यंत पुरी होईल. तोवर जुनं सिम फोनमध्येच ठेवा. त्या दिवशी जुन्या सिमची रेंज जाईल, मग नवं घाला. मध्ये काही तास कुठलंच सिम चालत नाही, ते नेहमीचंच आहे.

नवं सिम सुरू झाल्यावर पहिला दिवस एक विचित्र गोष्ट घडू शकते. तुम्ही सगळ्यांना फोन लावू शकता, पण एखाद्याच कंपनीच्या लोकांचे फोन तुम्हाला लागत नाहीत, किंवा बँकेचा ओटीपी येत नाही. लोक घाबरून दुकानात येतात. कारण असं की पोर्ट झालेला नंबर नुसत्या आकड्यांवरून ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येक कंपनी फोन जोडायच्या आधी नोंदीत बघते की हा नंबर आता कुठल्या कंपनीच्या कुठल्या सर्कलमध्ये आहे. त्यासाठी प्रत्येक नंबरामागे एक रूटिंग नंबर लावलेला असतो. तुमचा नंबर महाराष्ट्रातून कर्नाटकात आला की हा रूटिंग नंबर बदलतो आणि ती बातमी सगळ्या कंपन्यांकडे जाते. एखाद्या कंपनीच्या नोंदीत ती उशिरा उतरली, तर तेवढ्यांचेच फोन जुन्या पत्त्यावर जात राहतात. बहुतेक वेळा एका दिवसात मिटतं. त्याहून जास्त चाललं तर कुठल्या कंपनीच्या नंबरवरून फोन लागत नाही ते नेमकं टिपून नव्या कंपनीकडे तक्रार करा. ‘फोन येत नाहीत’ एवढंच सांगितलंत तर ते फोन बंद करून चालू करायला सांगतील. अमुक कंपनीच्या तीन नंबरांवरून लागत नाही असं सांगितलंत तर त्यांना कुठे बघायचं ते कळतं. आणि त्या एक-दोन दिवसांत मोठा पैशांचा व्यवहार ठेवू नका.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. माहेरचं सिम वडिलांच्या नावावर असतं असं पुष्कळ जणींच्या बाबतीत दिसतं. पोर्ट केल्याने नाव बदलत नाही. पोर्ट म्हणजे तोच ग्राहक दुसऱ्या कंपनीत जाणं. मग एक तर वडिलांना दुकानात येऊन स्वतःच्या आधारवर पोर्ट करू द्या, किंवा आधी जुन्या कंपनीतच नंबर आपल्या नावावर करून घ्या. ते काम अर्धवट असताना कोड मागितला तर मिळणार नाही. दुसरी गोष्ट पोस्टपेडवाल्यांची. कोड मिळताना बिल भरलेलं होतं, म्हणून पुढचं शेवटचं बिल बुडवता येत नाही. पोर्ट झाल्यावर निघालेलं ते बिल थकलं तर जुनी कंपनी मधल्या संस्थेमार्फत कळवते आणि तुमचा नंबर नव्या कंपनीतसुद्धा बंद होऊ शकतो. नंबर अचानक बंद झाला म्हणून आलेल्यांपैकी काहींचं मूळ या जुन्या बिलातच निघतं.

तिसऱ्यांदा सगळं नीट करूनही नकार आला, तर नव्या कंपनीच्या १९८ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. नकाराचं कारण लेखी मागा. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. चुकीचं कारण देऊन फेटाळलेल्या प्रत्येक रिक्वेस्टमागे ट्राय कंपनीला दहा हजार रुपयांपर्यंत भुर्दंड लावू शकते. ती रक्कम तुम्हाला मिळत नाही, पण तक्रारीत कोडचा मेसेज, त्यावरची तारीख, अर्जाची तारीख आणि नकाराचा मेसेज असे चार फोटो जोडलेले असले की कंपनी ती तक्रार हलकी धरत नाही. तेव्हा आज पहिलं काम म्हणून फोनमधले जुने मेसेज शोधा, गुरुवारचा कोड आणि नंतरचा नकार. सापडले तर त्यातली कारणाची ओळ जशीच्या तशी इथे लिहा, म्हणजे उशीर की टायपिंग, हे नक्की सांगता येईल.